कोऱ्या गालाची नवरी

शालनबाई पहिल्यांदा माझ्या स्टुडिओत आल्या त्या फोटो काढून घ्यायला. गेल्या मात्र माझं नाक कापून.

चिंचवड स्टेशनकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर माझा स्टुडिओ होता. दर्शनी भिंतीवर मी एक रंगीत नवरी लावली होती. पुण्याहून रंगवून आणलेली, गाल गुलाबी, ओठ लाल, अंगावर पिवळेधमक दागिने. येणारा-जाणारा थबकून बघायचा आणि मी गल्ल्यावर बसून मिशीतल्या मिशीत हसायचो. पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना नुकताच सुरू झाला होता, बाहेरगावची माणसं कासारवाडी-पिंपरीकडे खोल्या घेऊन राहायला लागली होती आणि घरी पाठवायला फोटो काढून घेत होती. ज्योतीराम त्यांतलेच, कारखान्यात लागलेले. शालनबाई त्यांची बायको. नवरा-बायको खुर्चीवर बसले, मी काळ्या कापडात डोकं घातलं, आणि आतूनच मला बाईंचा आवाज आला.

"अहो, त्या भिंतीवरच्या बाईला ताप होता का?"

मी डोकं बाहेर काढलं. "कुणाला?"

"त्या नवरीला. तोंड बघा की कसं फणफणलंय. आणि गळ्यात काय घातलंय तिनं, हळकुंडं?"

ज्योतीरामांनी कपाळाला हात लावला. मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढी हौसेनं लावलेली नवरी! मी म्हणालो, "बाई, रंगकाम काही भाजी चिरण्याइतकं सोपं नसतं." त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "ते मला ठाऊक आहे. माझे वडील येवल्याचे रंगारी. पैठणीचं रेशीम रंगवण्यात आमच्या घराची हयात गेली. तुम्ही मला एक फुकट गेलेला फोटो द्या. बिघडला तर बिघडला."

फुकट गेलेले फोटो माझ्याकडे पोत्यानं होते. एक दिला. चार दिवसांनी तो परत आला तेव्हा भिंतीवरची नवरी मी स्वतःच्या हातानं उतरवली. नाक कापलं म्हणालो ते यासाठी.

त्या दिवसापासून माझ्याकडचं सगळं रंगकाम शालनबाईंकडे गेलं. दुपारी घरचं आवरून त्या यायच्या, खिडकीखालच्या टेबलाशी बसायच्या आणि आल्या आल्या मला काहीतरी बोलायच्या. पाणी शिळं आहे, कापूस खरखरीत आहे, खिडकीची काच पुसलेली नाही. त्यांचं बोलणं तिखट होतं आणि हात मात्र लोण्यासारखा. काळे-पांढरे फोटो हातानं रंगवायला रंगाचे कागद मिळायचे, लहानशा पुस्तकासारखे बांधलेले. त्यातला नखाएवढा तुकडा कापून पाण्यात टाकला की रंग सुटायचा. हा रंग कागदावर बसत नाही, आत मुरतो. एकदा मुरला की निघता निघत नाही, फार तर तासन्‌तास पाण्यात भिजवून थोडा फिका पडतो. म्हणून बाकीचे रंगवणारे भीत भीत रंगवायचे. शालनबाईही घाई करायच्या नाहीत, पण भीती त्यांच्या गावीच नव्हती. आधी फोटो ओल्या कापसानं पुसून टिपकागदानं टिपायच्या, मग अगदी पाणचट रंगाचा हात, तो सुकला की दुसरा, मग तिसरा. दर वेळी फोटोच्या कापलेल्या कडेवर रंग लावून बघायच्या, कारण ओला रंग वेगळा दिसतो आणि सुकलेला वेगळा.

एकदा मी विचारलं, "एकदाच घट्ट रंग का नाही लावत? वेळ वाचेल."

"एकदाच लावला की तो वर राहतो, फरशीवर सांडलेल्या रंगासारखा. रेशीम आतून रंगलेलं दिसायला हवं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे डाळिंबी करायचा तर आधी पिवळ्यात बुडवायचे, मग तांबड्यात. खालचा पिवळा दिसत नाही, पण तोच वरच्या तांबड्याला उजेड देतो."

अशा या बाई. आता त्यांची जी गोष्ट मला सांगायची आहे ती चऱ्होलीच्या सोजराबाईंपासून सुरू होते.

सोजराबाई बैलगाडीतून आल्या. ठसठशीत बाई, जुन्या शेतकरी घराण्यातल्या, आवाज वेशीपर्यंत जाणारा. मागून नवी सून उतरली, रंभा. डाळिंबी शालू, नाकात नथ, गळ्यात ठुशी, तिच्याखाली मोहनमाळ, दंडावर बाजूबंद, मनगटात पाटल्या. सगळं सोनं सोजराबाईंचं, लग्नात सुनेच्या अंगावर घातलेलं. पोरगी सावळी होती. सावळीच म्हणायला हवी, तुकतुकीत, काळीभोर नजर, हनुवटीवर गोंदणाचा एक ठिपका.

"ल्योक पलटणीत हाय माझा, उद्धव," सोजराबाईंनी बसायच्या आत सांगितलं. "लगीन झालं अन्‌ लगोलग तार आली. हळदीच्या अंगानं गेला बघा. त्याला हिचा फोटू धाडायचाय. रंगीत पायजे. दागिना न्‌ दागिना उठून दिसाया पायजे, शालू बी. अन्‌ तोंड जरा उजळ करा. पलटणीत चार लोकं बघत्यात, म्हनतील काय बायकू हाय!"

रंभा खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती. मी फोटो काढला. सोजराबाई गाडीवाल्याला बैल कुठं बांधले म्हणून ओरडायला बाहेर गेल्या, तेवढ्यात ती खिडकीपाशी शालनबाईंजवळ गेली.

"ताई, तुमीच रंगवनार का?"

"मीच."

"मला गोरी करू नगा."

शालनबाईंनी हातातला कुंचला खाली ठेवला. रंभा भरभर बोलत सुटली, जणू ते शब्द तिनं चऱ्होलीपासून तोंडात धरून आणले होते. "त्यांनी मला धड बघितलं न्हाई ताई. आधी अंतरपाट, मग मुंडावळ्या, मग घरभर पावनं. माझा हात हातात दिला तवा हात दिसला असंल, अन्‌ मुंडावळ्यांच्या खालून हनुवटी. तेवढीच मी त्यांना ठावं हाय. आता ह्यो फोटू त्यांच्यापाशी वरीसभर ऱ्हानार. त्यात गोरी बाई बसली तर त्यांच्या मनात तीच बसंल. मग सुट्टीवर आल्यावर मला बघून त्यांना वाटंल, ही कोन? फसवलं आपल्याला."

तिचे डोळे भरून आले होते. शालनबाईंनी तिचा हात धरून उजेडात उलटासुलटा केला आणि नीट न्याहाळला. मग मला म्हणाल्या, "दत्तोभाऊ, छाप आधी मला दाखवायचा. आणि ही समोर बसलेली असताना."

सोजराबाई बाजारहाट करायला गेल्या, तेवढ्यात मी कागदावर छाप काढला आणि शालनबाई भडकल्याच. चूक छापाची होती. कॅमेऱ्यात फोटो उमटायच्या माझ्या काचा होत्या जुन्या धाटणीच्या, त्यांना तांबडा रंग दिसतच नसे. तांबडं सगळं काळं यायचं. म्हणजे शालू काळाकुट्ट आणि पोरीचा चेहरा ती होती त्याहून दोन पायऱ्या गडद. शालनबाईंनी तो ओला छाप रंभाच्या मनगटाशेजारी धरला.

"फोटोतली बाई हीच आहे का?"

"सावळी आहे ती, बाई."

"सावळी आहे, कोळसा नाही! तिनं गोरी करू नका म्हटलं, काळी करा म्हटलं नव्हतं. आणि ह्या काळ्या शालूवर मी कुठला रंग चढवू? माझा रंग पाण्यासारखा, आरपार दिसणारा. काळ्यावर टाकला तर काळंच राहील."

खरं होतं. मी परत अंधाऱ्या खोलीत गेलो. एन्लार्जरच्या उजेडाखाली तारेला पुठ्ठा लावून शालूवर सावली धरत राहिलो, तिथं उजेड कमी पडावा आणि छाप फिका यावा म्हणून. चेहऱ्यावर थोडाच वेळ सावली धरली. पुठ्ठा सारखा हलता ठेवावा लागतो, नाहीतर कड उमटते. कितीतरी कागद वाया गेले. बाहेरून शालनबाई विचारायच्या, "झालं का?" आणि मी दात-ओठ खात नवा कागद लावायचो. शेवटी एक छाप रंभाच्या मनगटाशी धरला तेव्हा त्यांनी मान हलवली. मग तो मी तपकिरी केला. त्यासाठी तो आधी एका पाण्यात फिका करायचा आणि मग गंधकाच्या पाण्यात घालायचा, त्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास सुटतो. शेजारचा शिंपी नाकाला धोतर लावून भांडायला आला. पण काळ्याचा तपकिरी झाला आणि पोरीची कातडी उबदार, जिवंत दिसू लागली. रंगाचा एक थेंबही न लावता!

"बास. तोंडाला याच्यापुढे काही नाही," शालनबाई म्हणाल्या. रंभा पहिल्यांदा हसली. छाप सुकायला एक दिवस जाणार होता, म्हणून सासू-सुना चऱ्होलीला परत गेल्या.

खरी कसोटी पुढेच होती. चेहरा कोरा ठेवायचा आणि त्याला खेटून असलेला शालू, ठुशी, नथ भरगच्च रंगवायची. रंग पाण्याचा, कागद ओला. कडेला जरा पसरला की गळ्यावर पिवळा डाग, आणि तो मुरणार. शालनबाईंनी मला सायकलवाल्याकडे पाठवलं. पंक्चरचं सोल्यूशन आणा म्हणाल्या. मी दोनदा विचारलं, कारण मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी ते सोल्यूशन पेट्रोलनं पातळ केलं आणि कोरड्या छापावर बारीक कुंचल्यानं लावलं. चेहरा, गळा, हात, बोटं. ठुशीच्या मण्यांच्या मधे मधे गळा दिसत होता तिथंही. ते सुकलं आणि कातडीवर रबराचा पातळ पापुद्रा बसला. रबरातून पाणी जात नाही, हे सायकल चालवणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. फोटोला ते लावायचं मला आजवर सुचलं नव्हतं, आणि त्यांना कुठून सुचलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मग त्या शालूत बुडाल्या. आधी पाणचट पिवळा, वर तांबडा, वर पुन्हा तांबडा. चुण्यांच्या खोलात रंगाचे हात वाढवत नेले, उंचवट्यावर एकाच हातावर थांबल्या. दुसऱ्या दिवशी शालू असा झाला की बोट लावून सळसळ ऐकावी. सोन्याची तर त्यांची रीतच वेगळी. भिंतीवरच्या माझ्या जुन्या नवरीचं सोनं सबंध पिवळं होतं. शालनबाईंनी पिवळा फक्त मधल्या उजेडाला लावला, तोही किंचित केशरी करून. सावलीची बाजू छापाच्या तपकिरीवर सोडून दिली. शालूला लागून असलेल्या मण्यांच्या कडेला तांबड्याची नुसती झाक दिली, कारण सोनं शेजारचा रंग उचलतं. आणि जिथं चमक होती तिथला कागद कोराच ठेवला. कुंचला जवळजवळ कोरडा, मणी न्‌ मणी वेगळा. एक-दोन ठिकाणी चमक कमी वाटली तर सुईच्या टोकानं कागदाचा वरचा थर अलगद खरवडला.

"सोनं पिवळं नसतं, दत्तोभाऊ," त्या मान वर न करता म्हणाल्या. "थोडं काळं, थोडं पांढरं आणि मधे चिमूटभर पिवळं."

आणि नेमक्या याच वेळी सोजराबाई दारात उभ्या राहिल्या. फोटो कुठवर आला ते बघायला सुनेला घेऊन आल्या होत्या.

रबर लावलेला चेहरा तुम्ही पाहिला नाहीत म्हणून सांगतो. शालू रंगवताना कुंचला बेधडक पापुद्र्यावरून फिरला होता. गालावर तांबडे ओघळ, कपाळावर पिवळे डाग, गळा तर रंगपंचमी खेळून आल्यासारखा. सोजराबाई टेबलापाशी आल्या, वाकल्या, आणि त्यांनी अशी किंकाळी फोडली की समोरचा तांगेवाला धावत आला.

"अगं बया! माझ्या सुनंच्या तोंडाचं काय केलं ह्या बाईनं! देवी आल्यात का तिला?"

रंभानं बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. मी काहीतरी समजावायला लागलो, पण माझं कोण ऐकतंय. शालनबाई जागच्या उठल्याही नाहीत. "मावशी, बसा," म्हणाल्या. मग बोटाच्या टोकानं कानापाशी पापुद्र्याची कड सैल केली आणि हळूहळू ओढायला लागल्या.

"कातडी सोलती का काय!" सोजराबाई पुटपुटल्या. पण बसल्या.

पापुद्रा सुटत गेला. डाग त्याच्याबरोबर निघून गेले आणि खालून गाल आला, स्वच्छ, सावळा. मग नाक, मग ओठ, हनुवटीवरचा गोंदणाचा ठिपका. गळ्यावरचे बारके पापुद्रे त्यांनी बोटानं चोळून काढले आणि ठुशीचे मणी गळ्यावर टेकले. एकाही मण्याचा पिवळा बाहेर आलेला नव्हता. सोनं असं झळकलं की माझ्या तोंडून "वा!" निघून गेला. इतक्या वर्षांत मी कुणाच्या कामाला असा मनापासून वा म्हटला नव्हता, आणि पुढेही क्वचितच म्हटला.

सोजराबाई बराच वेळ बघत राहिल्या. दागिने एकेक मोजल्यासारखे बघितले. मग म्हणाल्या, "दागिनं झ्याक झाल्यात. शालू बी. पर तोंडाला रंग लावायचा ऱ्हायला."

"राहिला नाही. लावायचाच नाही."

"असं कसं? उजळ करा म्हनलं हुतं मी."

रंभानं पदराचं टोक पुन्हा मुठीत धरलं. मला वाटलं, आता ठिणगी पडणार. गिऱ्हाईक अडून बसलं की मी मऊ पडतो, हा माझा स्वभाव. मी तोंड उघडणार इतक्यात शालनबाईंनी मला डोळ्यानं गप्प केलं आणि सोजराबाईंना म्हणाल्या, "मावशी, हातातली पाटली काढा."

"का?"

"काढा तर खरी."

सोजराबाईंनी कुरकुरत पाटली काढली. शालनबाईंनी ती खुर्चीवरच्या गुलाबी उशीवर ठेवली. माझीच उशी, गिऱ्हाईकांसाठी. "बघा."

पाटली तिथं पडली होती, फिकी, पितळेची म्हटली तरी चालेल अशी.

"आता घाला."

सोजराबाईंनी ती परत मनगटात सरकवली. रापलेल्या, उन्हात आयुष्य काढलेल्या सावळ्या मनगटावर तीच पाटली लखकन उजळली. त्यांनी हात मागे-पुढे केला. पुन्हा काढली, उशीवर ठेवली, पुन्हा घातली.

"गुलाबी गालाशेजारी तुमचं सोनं मरेल, मावशी," शालनबाई म्हणाल्या. "ते हिच्या रंगावरच जिवंत आहे. तुमच्याही."

सोजराबाईंचा वेशीपर्यंत जाणारा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. मनगटाकडे बघत त्या हळू म्हणाल्या, "माझ्या सासूनं वरीसभर डाळीचं पीठ चोळलं मला. रोज. कातडी सोलायची, पर उजळले न्हाई. हे सोनं अंगावर घातलं की म्हनायची, काळ्या दगडाला कशाला सोन्याचं देऊळ."

रंभानं पहिल्यांदाच सासूकडे मान वर करून बघितलं. शालनबाईंसारखी तिखट बाई, पण त्यांनीही नजर खिडकीबाहेर वळवली.

"ऱ्हाऊ द्या," सोजराबाई उठत म्हणाल्या. "हाय तसंच धाडा."

फोटो पलटणीत गेला. पुढच्या दिवाळीच्या आधी उद्धव सुट्टीवर आला, तेव्हा मी स्टेशनावर होतो. फलाटावर नातेवाइकांच्या घोळक्यात सोजराबाई उभ्या होत्या, आणि चऱ्होलीच्या पाच-सहा बायका, रंभाही त्यांच्यातच, सगळ्या डोईवर पदर घेतलेल्या. उद्धव ट्रंक घेऊन उतरला, त्यानं इकडे-तिकडे बघितलं आणि सरळ चालत जाऊन रंभासमोर उभा राहिला. मग जीभ चावली आणि वळून आईच्या पाया पडला. बायका पदरात तोंड लपवून हसल्या. सोजराबाईंनी त्याला पाठीत एक धपाटा घातला आणि पदरानं डोळे पुसले. मी जाऊन शालनबाईंना हे सगळं सांगितलं. त्या रंग कालवत होत्या. "मग? ओळखणार नाही तर काय करेल," एवढंच म्हणाल्या, पण त्या दुपारी त्यांनी मला एकही टोमणा मारला नाही.

दिवाळी झाल्यावर चऱ्होलीची बैलगाडी पुन्हा स्टुडिओसमोर थांबली. आधी रंभा उतरली. अंगावर साधं लुगडं, गळ्यात मंगळसूत्र, बाकी काही नाही. तिनं हात दिला आणि सोजराबाई उतरल्या. नाकात नथ, गळ्यात ठुशी, तिच्याखाली मोहनमाळ, दंडावर बाजूबंद, मनगटात पाटल्या. सुनेनं घातलं होतं सगळं, बळेच. त्या येऊन खुर्चीवर ताठ बसल्या आणि खिडकीकडे बघून म्हणाल्या,

"शालनबाई, माझा बी काढायचाय. अन्‌ तोंडाला हात लावायचा न्हाई, सांगून ठेवते."